रोडमॅपच्या मीटिंगची नोंद: 'पुढे ढकलले' याच्यापुढे नेमकं काय लिहायचं?

रानवारा

नमस्कार मंडळी. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेण्याचं एक ॲप आहे. पुढच्या तिमाहीत काय करायचं हे ठरवायला मीटिंग झाली आणि नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मसुदा खाली देतो आहे. क्रम लावण्याची पद्धत राइस:

```
स्कोअर = (पोहोच × परिणाम × खात्री) ÷ मेहनत
```

पोहोच म्हणजे तिमाहीत किती जणांना फरक पडेल. परिणामाला ३, २, १, ०.५ किंवा ०.२५. खात्री १००, ८० किंवा ५० टक्के. मेहनत एका माणसाच्या महिन्यांत. चार डेव्हलपर गुणिले तीन महिने म्हणजे १२, त्यातला एक तृतीयांश वेळ बग आणि सपोर्टला जातो असं धरून हातात ८.

```
                     पोहोच   परिणाम  खात्री  मेहनत  स्कोअर
१ ओटीपी लॉगिन सुधारणा  ५०००    ०.५    १००%   ०.५    ५०००
२ वेळ बदलण्याची सोय     ३०००    २      ८०%    १.५    ३२००
३ आठवणीचा मेसेज        ६०००    १      ८०%    २      २४००
४ डार्क मोड            ६०००    ०.२५   ८०%    १      १२००
५ ऑनलाइन पैसे          ४०००    २      ५०%    ४      १०००
६ कॅलेंडर सिंक          ४००     ३      ५०%    ३      २००
७ रिपोर्ट एक्सपोर्ट      १५०     १      ८०%    १      १२०
- डेटाबेसची नवी आवृत्ती   स्कोअर दिलेला नाही     २      करणे भाग
```

डेटाबेसचे २ महिने आधीच बाजूला काढले, उरले ६. पहिली तीन कामं ४ महिन्यांची. बाकीची चार 'क्षमता नाही, पुढच्या तिमाहीत बघू' म्हणून पुढे ढकलली.

अडचण अशी की मागच्या तिमाहीच्या नोंदीतही हीच चार कामं आहेत, हेच वाक्य आहे, आणि या वेळी तोच वाद पहिल्यापासून झाला. ढकललेल्या कामांपुढे काय लिहिलं म्हणजे तो वाद दर वेळी नव्याने होणार नाही?

---

टेबलखुर्ची

इतिवृत्ताचा ठरलेला साचा असतो. वर तारीख, वेळ, हजर आणि गैरहजर, मग विषय क्रमांक, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक. खाली अध्यक्षांची सही. एवढं पाळलंत तर पुढच्या वेळी कोणी वाद घालणार नाही, मागचं इतिवृत्त वाचून कायम करूनच पुढचं काम सुरू होतं.

---

मृण्मयी_क

टेबलखुर्ची, तो साचा संस्थेच्या सभेचा. इथे ठराव कोणी मांडला हा प्रश्न नाही, कुठल्या आकड्यावर मांडला हा आहे. हजर-गैरहजर लिहा हे मात्र बरोबर. सपोर्टचा माणूस मीटिंगला नसेल तर ओटीपीच्या ओळीतली १०० टक्के खात्री कुठून आली हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

रानवारा, 'क्षमता नाही' हे कारण प्रत्येक ढकललेल्या कामाला लागू पडतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. आठाऐवजी ऐंशी महिने हातात असते तर यादीही तेवढीच वाढली असती. तुमच्या चार कामांची कारणं मला चार वेगळी दिसतात.

ऑनलाइन पैसे मागे पडले कारण खात्री ५० टक्के आहे, म्हणजे पुरावा नाही. कॅलेंडर सिंक मागे पडलं कारण ते दुसऱ्या कामावर अवलंबून आहे. वेळ बदलण्याची सोय ॲपमध्ये नसताना सिंक केलंत तर डॉक्टर आपल्या कॅलेंडरमध्ये वेळ हलवतील आणि ॲपला ती कुठे हलवायची हेच कळणार नाही. एक्सपोर्ट थोड्यांनाच हवा आहे आणि बहुधा त्याला आज पर्यायही असेल. डार्क मोडला तर कारणच दिसत नाही. तो १ महिन्याचा, तुमच्याकडे २ उरलेत, आणि रांगेत पुढचा नंबर त्याचाच आहे. मग ढकलला का?

कारण वेगळं तर ते काम परत कधी उघडायचं त्याची अटही वेगळी. पुरावा नसेल तर पुरावा मिळाल्यावर. अवलंबून असेल तर आधीचं काम रिलीज झाल्यावर. 'पुढच्या तिमाहीत' ही अट नाही, ती फक्त तारीख आहे. तारीख उजाडते तेव्हा बाकी काहीच बदललेलं नसतं, म्हणून वादही तोच होतो.

---

अबोली

+१. आमच्याकडे ढकललेल्या यादीत ६० कामं आहेत. त्यांचं काय करायचं?

---

रानवारा

मृण्मयीताई, डार्क मोडचं खरं सांगतो. तो ऑनलाइन पैशांच्या वर आलेला पाहून सगळेच अडखळले. 'हे काही बरोबर दिसत नाही' असं म्हणून दोन्ही ढकलले. नोंदीत ते आलं नाही.

---

गणिती

राइसमध्ये मेहनत महिन्यांत घेतली की छोट्या कामांना फायदा मिळतो, कारण ०.५ ने भागलं की स्कोअर दुप्पट होतो. आठवड्यांत घ्या, म्हणजे सगळे भाजक १ च्या वर जातील, क्रम बदलेल आणि डार्क मोड आपोआप खाली येईल.

---

चौकट

गणिती, महिन्याचे आठवडे केले की सगळ्याच ओळींचा भाजक चौपट होतो, म्हणून सगळेच स्कोअर एक चतुर्थांश होतात. ओटीपी १२५०, वेळ बदलणं ८००, मेसेज ६००, डार्क मोड ३००, पैसे २५०. क्रम तसाच.

तुमच्या म्हणण्यात एक अर्धी बाजू मात्र खरी आहे. एकक मोठं असलं की माणसं ते पूर्ण किंवा अर्ध्यावर आणून ठेवतात. तीन आठवड्यांचं काम 'एक महिना' होतं, पाच आठवड्यांचंही 'एक महिना' होतं. आठवड्यांत विचारलंत तर हा गोळाबेरजेचा दोष कमी होतो. क्रम बदललाच तर त्यामुळे बदलेल, भागाकारामुळे नाही.

डार्क मोड वर का आला ते आकड्यांतच दिसतं. त्याची पोहोच ६०००, म्हणजे सगळे वापरणारे. ज्याला डार्क मोड नको त्यालाही 'फरक पडेल' असं धरलं आहे. जे तो चालू करतील तेवढेच मोजले तर स्कोअर कुठे जातो पाहा. तिघांतला एक म्हणजे २०००: २००० × ०.२५ × ०.८ ÷ १ = ४००. पैशांच्या १००० च्या बराच खाली. सूत्राने तुम्हाला फसवलेलं नाही, पोहोच मोजताना ॲप उघडणारे आणि ते फीचर वापरणारे एकत्र झाले.

हाच दोष ओटीपीच्या ओळीत आहे. ५००० जण लॉगिन करतात, पण ओटीपी किती जणांचा अडकतो?

---

रानवारा

लॉग पाहिला. तिमाहीत साधारण १००० जणांना पहिला ओटीपी मिळाला नाही किंवा वेळ संपल्यावर मिळाला. बाकीच्यांना काहीच त्रास नाही.

---

चौकट

मग पोहोच १०००. पण ज्याला लॉगिनच करता आलं नाही त्याच्यासाठी परिणाम ०.५ नाही, किमान २. १००० × २ × १ ÷ ०.५ = ४०००. दोन्ही आकडे बदलले तरी पहिला नंबर कायम. हे नोंदीत जरूर लिहा: 'पोहोच ५००० वरून १०००, परिणाम ०.५ वरून २, क्रम बदलला नाही.' तीन महिन्यांनी कोणी लॉग उघडून '५००० कुठून आले' विचारलं तर उत्तर तयार असेल.

मूळ आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा. आकडा किती वेळा आणि कुठल्या दिशेने हलला यावरून पुढच्या वेळी कोणाच्या अंदाजाला किती धरायचं ते कळतं.

---

ढगफुटी

मी टेस्टिंग करते, म्हणून मेहनतीच्या रकान्याबद्दल विचारते. वेळ बदलण्याच्या सोयीचे १.५ महिने फक्त कोड लिहिण्याचे की टेस्टिंगसकट? या कामात जोड्या फार होतात. रुग्णाने बदलली, डॉक्टरने बदलली, दोघांनी एकाच मिनिटाला बदलली, बदलून गेलेल्या दिवशी सुट्टी निघाली, आठवणीचा मेसेज जुन्या वेळेचा गेला. यातलं शेवटचं तर तिसऱ्या नंबरच्या कामाला जाऊन भिडतं. अर्धा महिना सहज वाढेल.

---

रानवारा

फक्त कोडचे धरले होते. बाकीच्या कामांत टेस्टिंग धरलं आहे, याच एका ओळीत राहिलं.

---

ढगफुटी

म्हणजे २ महिने. स्कोअर ४८०० ÷ २ = २४००, आठवणीच्या मेसेजच्या बरोबरीला.

---

गणिती

बघा, अर्ध्या महिन्यात दुसरा आणि तिसरा नंबर सारखा झाला. अशा आकड्यांवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

---

मृण्मयी_क

दुसरा की तिसरा याने या तिमाहीत काय बदलतं? दोन्ही कामं होणारच आहेत. अचूकपणा लागतो तो फक्त रेघेपाशी, म्हणजे शेवटचं घेतलेलं काम आणि पहिलं ढकललेलं काम यांच्यामध्ये. मीटिंगचा अर्धा वेळ पहिल्या दोन नंबरांच्या भांडणात जातो आणि रेघेपाशी सगळे थकलेले असतात.

ढगफुटींच्या दुरुस्तीचा परिणाम रेघेवर होतो, तो पाहा. आधी ६ मधून ४ गेले होते, आता ४.५ जातील. उरतात १.५. प्रश्न असा की या दीड महिन्याचं काय करायचं. ४ महिन्यांचे ऑनलाइन पैसे त्यात बसत नाहीत. ३ महिन्यांचं सिंक बसत नाही. डार्क मोड आणि एक्सपोर्ट, दोन्ही १ महिन्याचे, यांतलं एक बसतं.

नोंदीत ही रेघ प्रत्यक्ष ओढा आणि रेघेवरच्या शेवटच्या आणि खालच्या पहिल्या कामाचे चारही आकडे कुठून आले ते एकेका ओळीत लिहा. बाकीच्यांचं नुसता आकडा ठेवून भागेल.

---

उंबरठा

मी सेल्समध्ये आहे. एका मोठ्या ग्राहकाला एक्सपोर्ट देऊ असं सांगून झालंय. यादीत तो शेवटचा. आता त्यांना काय सांगू? नोंद तशीच पाठवली तर १२० स्कोअर बघून ते चिडतील.

---

चौकट

स्कोअर बाहेर पाठवू नका. १२० हा आकडा त्या ग्राहकाची किंमत नाही, बाकीच्या कामांशी तुलना आहे. बाहेरच्याला तो परीक्षेतल्या गुणांसारखा दिसतो. बाहेर तीन गोष्टी जाव्यात: या तिमाहीत होणार नाही, आज पर्याय हा आहे, आणि अमुक झालं तर परत विचार होईल.

पर्याय काय आहे, रानवारा?

---

रानवारा

सपोर्टवाले डेटाबेसमधून काढून फाइल पाठवतात. एका वेळी सुमारे २० मिनिटं लागतात.

---

चौकट

मग हीच एक्सपोर्टची अट. महिन्यात अशा किती फाइली जातात ते मोजायला लागा. १५ च्या वर गेल्या की सपोर्टचे महिन्याला पाच तास जातात. तिथे काम उघडायचं असं आज ठरवा. १५ ऐवजी १० ठेवा किंवा ३० ठेवा, पण आकडा आज लिहा. मागणी आल्यावर आकडा ठरवला तर तो मागणाऱ्याच्या मापाचा होतो.

---

उंबरठा

पण आम्ही शब्द दिलाय हे कुठल्याच रकान्यात येत नाही. शब्दाला काही किंमत आहे की नाही?

---

मृण्मयी_क

आहे, आणि ती लपवू नये. पण परिणामाचा आकडा १ वरून ३ करून ती भरू नका. तसं केलंत तर १५० × ३ × ०.८ ÷ १ = ३६० होतात, काम तरी रेघेच्या वर येत नाही आणि आकडा मात्र खोटा होतो. त्यापेक्षा वेगळी ओळ लिहा: 'स्कोअरप्रमाणे सातवा. दिलेल्या शब्दामुळे वर घेतला. निर्णय अमुक पदाचा. त्यामुळे अमुक काम मागे गेलं.' स्कोअर डावलण्यात गैर काही नाही. डावललं हे नोंदीत नसणं गैर, कारण पुढच्या तिमाहीत सेल्सला वाटतं आकडे चालतात आणि डेव्हलपरांना वाटतं ओळखी चालतात.

---

गणिती

मग सरळ निकष वाढवा ना. ग्राहकाला दिलेला शब्द, धोरणाशी मेळ, स्पर्धकांकडे आहे का. प्रत्येकाला वजन द्या, शंभरपैकी गुण काढा.

---

चौकट

करता येतं, काही ठिकाणी करतातही. दोन गोष्टी सांभाळा. 'धोरणाशी मेळ' आणि 'परिणाम' हे बहुतेक वेळा एकत्रच चढतात-उतरतात, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. आणि वजनं यादी बघण्याआधी ठरली पाहिजेत. यादी समोर ठेवून वजन ठरवलं की ज्याचं काम खाली आहे तो त्या निकषाचं वजन वाढवायला सांगतो. निकष नंतर बदलावेच लागले तर पुढच्या मीटिंगपासून लागू करा आणि तसं नोंदीत लिहा.

---

अबोली

माझ्या ६० चं राहिलं. आणि एक: डेटाबेसला स्कोअर का नाही? 'करणे भाग' म्हटलं की आमच्याकडे प्रत्येक विभाग आपलं काम त्याच खणात टाकतो.

---

ढगफुटी

डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच मिळणं बंद होणार असेल तर त्याची पोहोच काय धरणार? पॅच बंद झाल्याच्या दिवशी कोणालाच फरक पडत नाही, आणि भोक पडलं की सगळ्यांना पडतो. अशा कामाला राइसचा स्कोअर दिला तर तो एकतर शून्य येतो नाहीतर आभाळाला टेकतो. म्हणून ते बाजूला काढणं बरोबर.

त्या खणाला दार मात्र हवं. आत जायचं तर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: नाही केलं तर नेमकं काय बंद पडतं, कुठल्या तारखेला, आणि ती तारीख कोणाच्या जाहीर सूचनेत आहे. 'कोड जुना झालाय' याला तारीख नाही, ते बाकीच्यांबरोबर रांगेत.

---

निळीशाई

मला हे पटत नाही. जुन्या कोडला तारीख कधीच नसते. म्हणून तो कायम रांगेत राहतो आणि दर तिमाहीत बाकीच्या सगळ्या कामांची मेहनत थोडी थोडी वाढवत जातो. वेळ बदलण्याच्या सोयीला दोन महिने लागतात त्यातला किती वेळ त्या कोडमुळे जातो हे कोणी मोजलंय? क्षमतेतला ठराविक हिस्सा अशा कामांना आधीच राखून ठेवावा आणि त्यावर मत घेऊ नये.

---

ढगफुटी

हिस्सा राखायला माझी हरकत नाही. पण मग तो बग आणि सपोर्टच्या एक तृतीयांशातून येणार की ८ मधून? ८ मधून एक जरी काढलात तर उरलेला दीड महिना अर्ध्या महिन्यावर येतो. डार्क मोडही बसत नाही.

---

निळीशाई

८ मधूनच. नाही बसला तर नाही बसला. बग आणि सपोर्टचा वेळ एरवीही पुरत नाही.

---

मृण्मयी_क

हे तुमच्या दोघांच्यात सुटणार नाही, रानवारांच्या टीमला ठरवावं लागेल. ठरेल ते क्षमतेच्या ओळीत दिसू द्या: १२, उणे ४, उणे इतके.

अबोली, ६० कामांचं. 'ढकललेलं' आणि 'नाकारलेलं' एका यादीत ठेवू नका. ज्याच्यापुढे अट लिहिता येते ते ढकललेलं. काय झालं म्हणजे हे उघडायचं, या प्रश्नाला कोणालाच उत्तर सुचत नसेल तर ते नाकारलेलं आहे. तसं लिहा आणि मागणाऱ्याला कळवा. तुमच्या ६० पैकी बरीच त्या बाजूला जातील. परत मागणी आलीच तर नवं काम म्हणून येऊ द्या.

आता ऑनलाइन पैसे, कारण माझ्या मते उरलेला वेळ तिकडे जावा. खात्री ५० वरून ८० टक्के झाली तर ४००० × २ × ०.८ ÷ ४ = १६००. म्हणजे डार्क मोड तुमच्या मूळ १२०० वर धरला तरी त्याच्या वर. त्या कामाला चार महिने नकोत, आधी अर्धा महिना हवा. पूर्ण सोय न बांधता काही दवाखान्यांत अपॉइंटमेंट घेतल्यावर पैसे भरण्याची लिंक हाताने पाठवा. समजा २०० लिंका. किती जणांनी भरले म्हणजे खात्री ८० टक्के धरायची तो आकडा आधी लिहा, समजा ६०.

---

चौकट

चांगलं आहे, पण त्यातून फक्त पोहोच तपासली जाते. परिणाम २ का धरला होता, रानवारा? पैसे भरलेला रुग्ण येतोच, अपॉइंटमेंट वाया जात नाही, असं गृहीत असेल ना?

---

रानवारा

हो, मीटिंगमध्ये तोच मुद्दा होता. नोंदीत आला नाही.

---

चौकट

मग दुसरा आकडाही मोजा: पैसे भरलेल्यांपैकी किती जण आले नाहीत, आणि न भरलेल्यांपैकी किती. सावध राहायचं ते इथे, की जो आपणहून आधी पैसे भरतो तो एरवीही येणाराच असतो. नुसती ही तुलना केलीत तर परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसेल. लिंक कोणाला पाठवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि लिंक मिळालेले सगळे विरुद्ध न मिळालेले सगळे अशी तुलना करा. मग भरले की नाही ते मध्ये येत नाही. २०० मध्ये थोडा फरक असेल तर कळणार नाही, मोठा असेल तर कळेल.

---

टेबलखुर्ची

पैसे परत करायचं काय? अपॉइंटमेंट रद्द झाली तर लोक विचारणारच.

---

ढगफुटी

अगदी बरोबर विचारलंत. ४ महिन्यांतला मोठा हिस्सा तोच असणार: अर्धे परत, पूर्ण परत, डॉक्टरांनी रद्द केलं तर, वेळ बदलली तर. 'पहिल्या टप्प्यात फक्त पैसे घेऊ, परत करणं नंतर' असं कोणी सुचवलं तर परत करण्याचं काम सपोर्टवर हाताने येतं आणि तुमचा एक तृतीयांश पुरत नाही. २०० लिंकांपुरतं हाताने चालेल, ४००० ला नाही. काम फोडायचं असेल तर रकमेने किंवा दवाखान्यांच्या संख्येने फोडा, परतीवर फोडू नका.

---

गणिती

सिंकचं कोणी बोललं नाही. ४०० पोहोच म्हणजे डॉक्टर, बाकी सगळीकडे रुग्ण. ४०० ची ६००० शी तुलना कशी?

---

चौकट

हे तुम्ही नेमकं पकडलंत, मी सोडून दिलं होतं. एका डॉक्टरची अडचण म्हणजे त्याच्या सगळ्या रुग्णांची. एकच एकक हवं. सिंक नसल्याने एका वेळेला दोन रुग्ण लागले असं तिमाहीत किती वेळा झालं?

---

रानवारा

तक्रारींवरून सुमारे ४५० वेळा. दर वेळी दोन रुग्ण, म्हणजे ९०० जण.

---

चौकट

९०० × ३ × ०.५ ÷ ३ = ४५०. खात्री ८० टक्के केली तर ७२०. दुपटीहून वर गेलं, तरी पैशांच्या खालीच. ढकलणं टिकतं, पण नोंदीत 'स्कोअर कमी' हे कारण नको. कारण मृण्मयीताईंनी दिलंय तेच: वेळ बदलण्याची सोय आधी. आणि तक्रार न करणारे या ९०० मध्ये नाहीत हेही लिहा.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. ढकललेल्यांचा भाग पुन्हा लिहिला:

*ऑनलाइन पैसे.* ४००० / २ / ५०% / ४ = १०००. कारण: पुरावा नाही. लोक आधी भरतील आणि भरल्यावर येतील, दोन्ही गृहीतं. या तिमाहीत ०.५ महिना: चिठ्ठीने निवडलेल्या २०० जणांना लिंक. उघडण्याची अट: ६० किंवा जास्त जणांनी भरले, आणि लिंक मिळालेल्यांत न येणारे स्पष्टपणे कमी. लक्ष: प्रॉडक्ट. परतीचं काम वेगळं काढायचं नाही.

*कॅलेंडर सिंक.* ४०० ऐवजी ९०० / ३ / ५०% / ३ = ४५०, आधी २००. पोहोच डॉक्टरांऐवजी रुग्णांत मोजली, तक्रार न करणारे त्यात नाहीत. कारण: वेळ बदलण्याच्या सोयीवर अवलंबून. अट: ती सोय रिलीज होऊन महिनाभर चालली. लक्ष: डेव्हलपमेंट.

*रिपोर्ट एक्सपोर्ट.* १५० / १ / ८०% / १ = १२०. कारण: सपोर्टकडे पर्याय आहे, २० मिनिटं. अट: महिन्यात १५ हून जास्त फाइली. लक्ष: सपोर्ट. एका ग्राहकाला शब्द दिलेला आहे, त्यांना पर्याय आणि ही अट सेल्सने कळवायची.

*डार्क मोड.* ६००० ऐवजी २००० / ०.२५ / ८०% / १ = ४००. २००० हा अंदाज आहे. उरलेल्या १.५ मधून लिंकांचा ०.५ गेल्यावर १ महिना राहतो आणि हे त्यात बसतं. घ्यायचं की तो महिना जुन्या कोडला द्यायचा, यावर एकमत नाही.

शेवटच्या ओळीसाठी उद्या पुन्हा वीस मिनिटं बसतोय.

---

निळीशाई

उद्या बसाल तेव्हा वेळ बदलण्याच्या सोयीचे २ महिने ज्यांनी सांगितले त्यांनाच एक विचारा: अपॉइंटमेंटचा जुना कोड आधी नीट केला तर तेच काम कितीत होईल? दीडच्या खाली उत्तर आलं तर तो महिना कुठे द्यायचा ते त्यांच्याच तोंडून कळेल.

---

ढगफुटी

आणि १.७५ आलं तर?

---

निळीशाई

तर या तिमाहीत डार्क मोड घ्या. सिंकचा आकडाही मात्र त्याच वेळी विचारून ठेवा, ते काम त्याच कोडवर होणार आहे.